होम लोनचं सर्टिफिकेट, पझेशन आणि आमचे 88,000 चे पाच हप्ते

जानेवारी आला की ऑफिसमधून मेल येतो, टॅक्समधल्या सुटीसाठी इन्व्हेस्टमेंट प्रूफ अपलोड करा म्हणून. यंदाही आलाय. तो बघून गेल्या वर्षीचा सगळा घोळ परत डोळ्यासमोर आला, म्हटलं आता लिहूनच काढावं, कारण आमच्या बिल्डिंगमधल्या तिघांनी मला एकच प्रश्न विचारलाय: बँकेच्या सर्टिफिकेटवर जेवढा व्याजाचा आकडा आहे तेवढा सरळ टाकायचा ना? तर नाही. मला हे कळायला तीन वर्षं लागली आणि मधे पैसेही गेले असते.

आमची केस अशी. पिंपरी-चिंचवडमध्ये अंडर कन्स्ट्रक्शन फ्लॅट, माझ्या आणि बायकोच्या नावावर अर्धा-अर्धा, अॅग्रीमेंटमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं. लोन 40 लाख, दोघंही अर्जदार, सँक्शन जुलै 2021, पहिला हप्ता बँकेने बिल्डरला ऑगस्टमध्ये दिला आणि मग स्लॅब पडेल तसतसे पुढचे. पझेशन नोव्हेंबर 2024. तोपर्यंत आम्ही फक्त प्री-ईएमआय भरत होतो, म्हणजे जेवढी रक्कम बिल्डरकडे गेली तेवढ्याचं व्याज, मुद्दल एक रुपयाही नाही. आणि सोबत भाड्याच्या घराचं भाडं वेगळं. (पुढचे सगळे आकडे गोल करून लिहितोय, पण हिशोब खरा आहे.)

पहिली ठेच जानेवारी 2023 ला लागली. बँकेच्या अॅपमध्ये लोनवर टॅप केलं की इंटरेस्ट सर्टिफिकेट असा ऑप्शन येतो, वर्ष निवडायचं की पीडीएफ डाउनलोड. त्यात वर आमची नावं, लोन अकाउंट नंबर, मग एका ओळीत व्याज आणि एका ओळीत मुद्दल, आणि व्याजाच्या शेजारी चक्क कलम 24(बी) छापलेलं, म्हणजे ज्यात होम लोनच्या व्याजाची सूट मिळते ते. मी म्हटलं बँकच सांगतेय की हे 24(बी) मध्ये जातं, मग प्रश्नच मिटला. पोर्टलवर अपलोड केलं आणि दोन दिवसांनी पेरोलवाल्यांनी रिजेक्ट केलं, रिमार्क एवढाच की पझेशन लेटर जोडा. मला राग आला, व्याज तर मी भरतोय ना, खात्यातून दर महिन्याला जातंय, मग पझेशनचा काय संबंध? फोन केला तर तिकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, घर ताब्यात येईपर्यंत व्याज क्लेम करता येत नाही. पण ते वाया जात नाही, नंतर मिळतं. सर्टिफिकेटं सांभाळून ठेवा फक्त."

मी सांभाळून ठेवली नाहीत. ते पुढे येईलच.

माझ्या एका मित्राच्या कंपनीत पेरोलने काही विचारलंच नाही, त्याने अंडर कन्स्ट्रक्शन फ्लॅटचं व्याज दोन वर्षं सरळ टाकलं आणि टीडीएसही कमी कापला गेला. नंतर त्याला रिटर्न दुरुस्त करून व्याजासकट टॅक्स भरावा लागला. ऑफिसने मान्य केलं म्हणजे क्लेम बरोबर असतो असं नाही, रिटर्न आपल्या सहीचं असतं, जबाबदारी आपली. बँकेच्या सर्टिफिकेटचं काम एवढंच की अमुक वर्षात अमुक लोनवर एवढं व्याज लागलं आणि एवढं मुद्दल फिटलं. घर तयार झालंय का, तुमचा हिस्सा किती, तुम्ही स्वतः राहता की भाड्याने दिलंय, यातलं काहीही त्या कागदावर नसतं.

मग नोव्हेंबर 2024 ला चावी मिळाली. भोगवटा प्रमाणपत्र त्याच्या आदल्या महिन्यात आलं होतं, बिल्डरने पझेशन लेटर दिलं, वास्तुशांत झाली, आणि डिसेंबरपासून पूर्ण ईएमआय सुरू झाला, 34,700 च्या आसपास, 20 वर्षं, त्या वेळचा दर साडेआठ टक्के. जानेवारी 2025 ला परत तोच मेल. यावेळी माझ्याकडे पझेशन लेटर होतं.

आता इथे सर्टिफिकेटचे दोन प्रकार कळले. जानेवारीत जे मिळतं ते प्रोव्हिजनल. म्हणजे वर्ष संपलेलं नसतं, तरी बँक गृहीत धरते की 31 मार्चपर्यंतचे सगळे ईएमआय वेळेवर जाणार, दर हाच राहणार, आणि त्यावरून वर्षाचा अंदाज छापते. ऑफिसला टीडीएस ठरवायला हे चालतं. 31 मार्च उलटला की एप्रिलमध्ये फायनल मिळतं, त्यात प्रत्यक्ष काय झालं ते असतं, आणि रिटर्न भरताना हेच घ्यायचं. दोन्हींचा फॉरमॅट इतका सारखा असतो की मधल्या एका शब्दाशिवाय फरक दिसत नाही, आणि बरेच लोक जानेवारीतलीच पीडीएफ जुलैमध्ये सीएला पाठवतात.

आमच्या प्रोव्हिजनलवर 2024-25 साठी व्याज 3,17,000 आणि मुद्दल 25,800. मुद्दल एवढंसंच, कारण ईएमआय फक्त चार, डिसेंबर ते मार्च, आणि सुरुवातीच्या ईएमआयमध्ये 34,700 पैकी जेमतेम साडेसहा हजार मुद्दलात जातात, बाकी सगळं व्याज. व्याजात एप्रिल ते नोव्हेंबरचा प्री-ईएमआयसुद्धा धरलेला होता. मला वाटलं होतं पझेशनच्या आधीचे ते आठ महिने वजा करावे लागतील. तसं नाही. ज्या आर्थिक वर्षात घर पूर्ण होतं त्या अख्ख्या वर्षाचं व्याज चालू वर्षाचं म्हणूनच धरतात, एप्रिलपासून. पझेशनपूर्व काळ मोजायचा तो त्याच्या आधीच्या 31 मार्चपर्यंतच, म्हणजे आमच्यासाठी 31 मार्च 2024 पर्यंत.

मी प्रोव्हिजनल, पझेशन लेटर, अॅग्रीमेंटमधलं मालकीचं पान आणि ऑफिसला सुटी कळवायचा फॉर्म 12बीबी असं सगळं दिलं. 12बीबी मध्ये कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव, पत्ता आणि पॅन लागतो, बँकेचा पॅन सर्टिफिकेटवरच खाली बारीक अक्षरात होता, मी आधी शाखेत फोन करून विचारत बसलो होतो. पेरोलने माझा अर्धा हिस्सा, म्हणजे 1,58,500 व्याज मान्य केलं. पूर्ण 3,17,000 नाही, आणि ते बरोबरच होतं. जॉइंट लोनच्या सर्टिफिकेटवर दोघांची नावं आणि एकच आकडा येतो, बँक वाटणी करून देत नाही. वाटणी आपण करायची, ती मालकीच्या हिस्स्याप्रमाणे. आणि एक, लोनमध्ये नाव असून अॅग्रीमेंटमध्ये नाव नसेल तर त्या माणसाला यातलं काहीच मिळत नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये एकाच्या वडिलांचं नाव फक्त लोनला घेतलंय, उत्पन्न दाखवायला, ते तीन वर्षं धरून बसले होते की आपल्यालाही अर्धं मिळणार.

पण मी पझेशनपूर्व व्याजाचंही लिहिलं होतं, ते पेरोलने नाकारलं. म्हणे जुन्या तिन्ही वर्षांची सर्टिफिकेटं द्या. माझ्याकडे 2022-23 चं एक होतं, तेही प्रोव्हिजनल. अॅप उघडलं तर फक्त चालू वर्ष आणि मागचं वर्ष, त्याआधीचं काही नाही. प्रूफची शेवटची तारीख गेली आणि ऑफिसने तेवढ्यावर टीडीएस कापला.

सीए मॅडमना फोन केला, त्या म्हणाल्या, "अहो काळजी करू नका, ऑफिसने नाही घेतलं तरी रिटर्नमध्ये घेता येतं, परत मिळेल. पण कागद हवेत. अंदाजाने मी टाकणार नाही." त्यांचं हे मला आवडलं. मग एक शनिवार शाखेत घालवला. लेखी अर्ज, आधार, लोन अकाउंट नंबर, आणि काउंटरवरच्या माणसाला नेमकं सांगावं लागलं की मला स्टेटमेंट नको, वर्षनिहाय इंटरेस्ट सर्टिफिकेट हवंय, फायनल, 2021-22, 2022-23 आणि 2023-24 अशी तीन. त्याने आधी लोन स्टेटमेंटची बारा पानं छापून दिली, त्यात व्याजाच्या नोंदी असतात पण बेरीज आपण करायची. परत लाइनीत उभा राहिलो. आठ दिवसांनी ईमेलवर तिन्ही आली.

2021-22 चं व्याज 45,000, तेव्हा बिल्डरला थोडीच रक्कम गेली होती आणि दरही सातच्या आसपास होता. 2022-23 चं 1,40,000. 2023-24 चं 2,55,000. बेरीज 4,40,000. आणि गंमत नाही पण लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की माझ्याकडच्या 2022-23 च्या जुन्या प्रोव्हिजनलवर 1,22,000 होतं, कारण त्या वर्षी दर वाढत गेले आणि ते सर्टिफिकेट काढल्यावर अजून दोन हप्ते बिल्डरला गेले होते. जुनं वापरलं असतं तर 18,000 कमी धरले गेले असते.

हे 4,40,000 एकदम मिळत नाहीत. पाच समान भाग करायचे, 88,000 चा एक, आणि घर पूर्ण झालं त्या वर्षापासून दर वर्षी एक. आमचे पाच म्हणजे 2024-25 ते 2028-29. पण हे 88,000 दोन लाखांच्या मर्यादेच्या वर नाहीत, आतच बसवायचे. स्वतः राहतो त्या घरासाठी व्याजाची मर्यादा माणशी वर्षाला 2 लाख, त्यात चालू व्याजही आणि जुना पाचवा भागही. आणि या 2 लाखांनाही एक अट आहे, लोन ज्या आर्थिक वर्षात घेतलं ते संपल्यापासून पाच वर्षांत घर पूर्ण व्हायला हवं. आमचं लोन 2021-22 चं, म्हणजे 31 मार्च 2027 पर्यंत मुदत, आम्ही आरामात आत. पण ज्यांचे प्रोजेक्ट रखडलेत त्यांनी ही तारीख आजच काढून बघावी, कारण ती उलटली की मर्यादा 2 लाखांवरून थेट 30,000 वर येते. बिल्डरचा उशीर, भुर्दंड घर घेणाऱ्याला. मला हा नियम अन्यायाचा वाटतो, पण आहे तो असा आहे.

तर 2024-25 चा हिशोब असा बसला. चालू व्याज 3,17,000 अधिक 88,000, झाले 4,05,000. माझा अर्धा हिस्सा 2,02,500. मर्यादेमुळे 2 लाख. फक्त अडीच हजार सुटले. हेच घर माझ्या एकट्याच्या नावावर असतं तर तब्बल 2,05,000 मर्यादेबाहेर गेले असते.

मग मुद्दल. ते 80सी मध्ये जातं, पण 80सी ची दीड लाखांची पिशवी एकच असते आणि त्यात पीएफ, विमा, पीपीएफ सगळे आधीच बसलेले. माझा पीएफ वर्षाला 92,160 आणि विम्याचा हप्ता 22,000, म्हणजे 1,14,160 भरलेलीच. मुद्दलाला जागा उरली 35,840. माझ्या हिश्श्याचं मुद्दल 12,900. म्हणजे आणखी 22,940 बसू शकत होते. हा हिशोब मी करायच्या आधीच 20 मार्चला बोनस आला आणि मी दीड लाखाचं पार्ट पेमेंट करून टाकलं, माझ्या पगाराच्या खात्यातून. पार्ट पेमेंट पूर्ण मुद्दलातच जातं आणि 80सी साठी ते चालतं, ज्याने भरलं त्याला. लोन लवकर फिटेल म्हणून केलं ते चांगलंच झालं, पण टॅक्ससाठी त्यातले 22,940 च कामी आले. ऑफिसातला एकजण दर मार्चमध्ये टॅक्स वाचवायला लाखभर भरतो आणि त्याची दीड लाखांची पिशवी पीएफनेच भरलेली असते, हे त्याला मी कागदावर मांडून दाखवलं.

इथेच फायनल सर्टिफिकेट का लागतं ते दिसलं. प्रोव्हिजनलवर मुद्दल 25,800 होतं, एप्रिलमधल्या फायनलवर 1,75,800. व्याज तीन-चारशे रुपयांनी कमी, कारण शेवटचे अकरा दिवस दीड लाखावर व्याज लागलं नाही. उलटंही होतं. बायकोच्या भावाचा मार्चचा ईएमआय बाउन्स झाला, त्याच्या प्रोव्हिजनलवर बारा ईएमआयचं मुद्दल होतं, फायनलवर अकरा. त्याला ऑफिसकडून जास्त सूट मिळाली होती ती रिटर्नमध्ये कमी करावी लागली. व्याजाचं तसं नसतं, 24(बी) मध्ये त्या वर्षाचं लागलेलं व्याज धरतात, भरायला उशीर झाला तरी. मुद्दल मात्र प्रत्यक्ष भरलेलंच.

आणि स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन हेही 80सी मध्ये येतं, पण ज्या वर्षी भरलं त्याच वर्षी. आमची 2021 ला अॅग्रीमेंटच्या वेळी भरलेली, आता पझेशननंतर ती क्लेममध्ये टाकू म्हटलं तर मॅडमनी नाही म्हणून सांगितलं. पझेशनचं आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षं घर विकायचं नाही हेही त्यांनीच सांगितलं, विकलं तर 80सी मध्ये मुद्दलाची घेतलेली सूट उत्पन्नात परत धरली जाते.

रिटर्न भरायला बसलो (मुदत त्या वर्षी 15 सप्टेंबरपर्यंत वाढली होती, नंतर आणखी एक दिवस, आम्ही ऑगस्टमध्येच भरलं). मॅडमनी आयटीआर-2 घेतला कारण त्यात घरातल्या हिश्श्याची टक्केवारी आणि सहमालकाचं नाव-पॅन टाकायला जागा असते. आणि त्या वर्षापासून व्याजासाठी वेगळा तक्ता आलाय, आधी नुसता आकडा टाकला की चालायचं, आता कर्ज कोणाकडून, लोन अकाउंट नंबर, सँक्शनची तारीख, एकूण कर्ज, 31 मार्चची बाकी आणि मग व्याज, एवढं सगळं भरावं लागतं. सँक्शनची तारीख सर्टिफिकेटवर नव्हती, ती सँक्शन लेटरमधून घेतली, आणि बाकी 38,24,200 लोन स्टेटमेंटवरून. कागद रिटर्नसोबत जोडायचे नसतात, पण नोटीस आली तर तेच मागतात, म्हणून एका फोल्डरमध्ये पाचही गोष्टी ठेवल्यात: चार वर्षांची फायनल सर्टिफिकेटं, पझेशन लेटर, भोगवटा प्रमाणपत्र, अॅग्रीमेंट आणि सँक्शन लेटर.

ऑफिसने मान्य केलेल्यापेक्षा रिटर्नमध्ये व्याज 41,500 जास्त आणि 80सी मध्ये 22,940 जास्त, मिळून 64,440. माझा वरचा स्लॅब 30 टक्के, सेससकट 31.2, म्हणजे साधारण 20,100 रुपये रिफंड. आला पाच आठवड्यांनी.

आता जो भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो. हे सगळं फक्त जुन्या रेजिममध्ये. 2023-24 पासून काही न सांगितलं तर नवीन रेजिमच लागू होते आणि तिथे स्वतः राहतो त्या घराचं व्याज नाही, 80सी नाही. माझा पगार 16 लाख. 2024-25 मध्ये नवीन रेजिमचा टॅक्स 1,53,400 येत होता. जुन्यात 2 लाख व्याज, दीड लाख 80सी, आरोग्य विम्याचे 25,000 आणि नोव्हेंबरपर्यंत भाडं भरलं त्याचं एचआरए सव्वा लाखाच्या आसपास, असं सगळं धरून 1,32,700. म्हणजे जुनी रेजिम 20,700 ने स्वस्त. आणि जरा विचार करा, यातले 20,100 त्या शाखेतून आणलेल्या सर्टिफिकेटांचे आणि पार्ट पेमेंटचे. ते धरले नसते तर जुन्या आणि नव्यात सहाशे रुपयांचा फरक होता.

बायकोचं उलटं झालं. तिचा पगार 12 लाख. तिच्या हिश्श्याचे पूर्ण 2 लाख व्याज आणि दीड लाख 80सी धरूनही जुन्यात 75,400 आणि नव्यात 71,500. ती म्हणाली, "म्हणजे माझं अर्धं व्याज असंच गेलं? मग ते तू घे ना तुझ्यात." मलाही तेच वाटलं होतं. मॅडमनी सांगितलं, हिस्सा मालकीचा आहे, एकाने नाही घेतला म्हणून दुसऱ्याला मिळत नाही, आणि माझी मर्यादा तर भरलेलीच होती. तिने नवीन रेजिम घेतली.

आणि या वर्षी, 2025-26, माझंही तेच होतंय. स्लॅब बदलले, भाडं बंद झालं म्हणून एचआरए गेलं. बसून हिशोब केला. व्याजदर फेब्रुवारी 2025 पासून उतरत गेले, रिझर्व्ह बँकेचा रेपो दर 6.5 वरून डिसेंबरपर्यंत 5.25 झाला, म्हणून एप्रिलमध्ये काढलेल्या प्रोव्हिजनलपेक्षा आत्ताच्या प्रोव्हिजनलवर व्याज बरंच कमी दिसतंय, साधारण 3,05,000. त्यात 88,000 चा दुसरा हप्ता, अर्धे केले की माझे 1,96,500. 80सी पूर्ण दीड लाख. एवढं सगळं घेऊनही जुन्यात टॅक्स 1,72,700 आणि नव्यात काहीही न घेता 1,13,100. जवळपास 60,000 चा फरक. बायकोचा टॅक्स तर नव्यात शून्य, कारण आता स्टँडर्ड डिडक्शन धरून पावणेतेरा लाखांपर्यंतच्या पगाराला टॅक्सच नाही.

म्हणजे ज्या तीन वर्षांच्या व्याजासाठी मी शनिवार घालवला त्याचे पाचपैकी चार हप्ते बाकी आहेत आणि या वर्षीचा तरी जातोय. नवीन रेजिम घेतली त्या वर्षीचा हप्ता पुढच्या वर्षी ढकलता येत नाही. मला याचं वाईट वाटलं, आम्ही ते व्याज भाडं भरत भरत खरंच भरलंय. पण 60,000 जास्त भरून ते 88,000 चं अर्धं घेण्यात अर्थ नाही, पोर्टलवर मी नवीन रेजिमच निवडलीय.

तिसऱ्या मजल्यावरच्यांचं मात्र वेगळं, त्यांनी फ्लॅट भाड्याने दिलाय. भाड्याने दिलेल्या घराचं व्याज नवीन रेजिममध्येही मिळतं, पण भाड्याच्या उत्पन्नापुरतंच. वर्षाचं भाडं 2,16,000, त्यातून 30 टक्के सरसकट वजा, उरले 1,51,200, आणि त्यावर व्याज लावून ते शून्य झालं. उरलेलं व्याज पगारातून वजा होत नाही. त्यांना मी सांगितलंय की फायनल सर्टिफिकेट एप्रिलमध्ये काढाच.

मीही काढणार आहे, 2025-26 चं. पगारदाराला दर वर्षी रेजिम बदलता येते, 2028-29 पर्यंत पगार काय असेल, नियम काय असतील कुणास ठाऊक, आणि 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा येतोय त्यात 80सी चं कलम 123 होतंय, मग सर्टिफिकेटवरच्या ओळीही बदलतील बहुतेक. फोल्डरमध्ये वर एक कागद चिकटवलाय, त्यावर 4,40,000 भागिले 5, आणि खाली पाच वर्षं, त्यातल्या 2024-25 समोर टिक आणि 2025-26 समोर नवीन रेजिम असं लिहिलंय. बायकोनेच सुचवलं, म्हणाली तुला पुढच्या वर्षी आठवणार नाही.